नफा आहे, तरी प्रकल्प नको: एका टिपणाचा हिशेब

एखादा प्रकल्प दरवर्षी नफा दाखवतो आणि तरीही कंपनीची संपत्ती घटवतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण नफा-तोटा पत्रक आणि निव्वळ वर्तमान मूल्य हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. वर्षभराच्या विक्रीतून खर्च, घसारा आणि कर वजा केल्यावर काय उरले, हे पत्रक सांगते. आज गुंतवलेल्या पैशाच्या बदल्यात पुढे मिळणारी रोकड आजच्या किमतीत किती भरते आणि ती गुंतवणुकीपेक्षा जास्त आहे की कमी, हे निव्वळ वर्तमान मूल्य सांगते. या दोन उत्तरांत विरोध आला, की कंपनीतील विश्लेषकाला व्यवस्थापकासाठी टिपण लिहावे लागते. आकडेमोड तुलनेने सोपी असते. नफ्याचा आकडा खोटा नाही, तो अपुरा आहे, हे पटवून देणे अवघड असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊन असे टिपण कसे उभे राहते, हे पाहता येईल.

प्रस्ताव

सांगली जिल्ह्यातील एक अन्नप्रक्रिया कंपनी बेदाण्याची स्वच्छता, प्रतवारी आणि पॅकिंग करणारी नवी यंत्रणा बसवण्याचा विचार करत आहे, असे मानू. इमारतीतील बदल आणि यंत्रे यांवर १० कोटी रुपये लागतात. यंत्रणा पाच वर्षे चालेल आणि शेवटी तिची विक्रीकिंमत शून्य असेल, असा अंदाज आहे. याखेरीज २ कोटी रुपये खेळते भांडवल म्हणून अडकतात. बेदाणा तयार होतो तो मुख्यतः उन्हाळ्याच्या तोंडाशी, पण विकला जातो वर्षभर. त्यामुळे माल घेऊन शीतगृहात ठेवावा लागतो आणि घाऊक ग्राहकांना उधारीही द्यावी लागते. हे २ कोटी पाचव्या वर्षाच्या अखेरीस, साठा विकून आणि उधारी वसूल करून, परत मिळतात.

दरवर्षीची विक्री १२ कोटी आहे. माल, मजुरी, वीज, वाहतूक अशा रोखीच्या खर्चाला ९ कोटी २० लाख जातात. १० कोटींचा पाच वर्षांत समान घसारा धरला, तर वर्षाला २ कोटी होतात. करपूर्व नफा ८० लाख उरतो. त्यावर सोयीसाठी २५ टक्के कर धरला, की निव्वळ नफा ६० लाख येतो. पाच वर्षांत ३ कोटी. एकाही वर्षी तोटा नाही. व्यवस्थापकाला हा प्रस्ताव मंजुरीयोग्य वाटला, तर त्यात नवल नाही.

नफ्यापासून रोकडीकडे

टिपणाची पहिली पायरी म्हणजे नफ्याच्या आकड्यावरून रोकडीचा आकडा काढणे. घसारा हा खर्च असला, तरी त्या वर्षी कोणाच्या हातात पैसे जात नाहीत. पैसे आधीच, यंत्र घेताना गेलेले असतात. म्हणून ६० लाखांच्या नफ्यात २ कोटींचा घसारा पुन्हा मिळवला, की वर्षाची रोकड २ कोटी ६० लाख होते. पाचव्या वर्षी खेळत्या भांडवलाचे २ कोटी परत आल्याने ती ४ कोटी ६० लाख होते. आणि अगदी सुरुवातीला एकदम १२ कोटी बाहेर जातात.

आता ही सगळी रोकड नुसती बेरीज करून पाहावी. पाच वर्षांत १५ कोटी येतात, १२ कोटी गेलेले असतात, उरतात ३ कोटी. पाच वर्षांच्या नफ्याची बेरीजही नेमकी ३ कोटीच होती. हा योगायोग नव्हे. प्रकल्पाच्या संपूर्ण आयुष्याचा विचार केला, तर हिशेबी नफा आणि निव्वळ रोकड यांची बेरीज एकच यावी लागते, कारण घसारा म्हणजे सुरुवातीला दिलेला पैसा पुढच्या वर्षांवर वाटून दाखवण्याची पद्धत आहे. टिपणात ही ओळ आवर्जून असावी. विश्लेषकाने नफ्यातला काही भाग नाकारलेला नाही, ३ कोटी त्यालाही मान्य आहेत, हे त्यातून व्यवस्थापकाला कळते. मतभेद रकमेबद्दल नाही. ती रक्कम मिळवण्यासाठी किती पैसा किती काळ अडकून पडतो, याबद्दल आहे.

१२ टक्के कुठून आले

अडकलेल्या पैशाची किंमत ठरवणारा दर म्हणजे वटाव दर. तो मनाने ठरवायचा नसतो. या कंपनीच्या भांडवलात ४० टक्के कर्ज आणि ६० टक्के भागधारकांचा पैसा आहे, असे मानू. कर्जावरचे व्याज १० टक्के आहे. व्याजामुळे कर वाचतो, म्हणून करानंतर ते साडेसात टक्के पडते. भागधारक अशा जोखमीच्या धंद्यात पैसा ठेवण्यासाठी १५ टक्के परताव्याची अपेक्षा ठेवतात. साडेसातचे ४० टक्के म्हणजे ३ आणि पंधराचे ६० टक्के म्हणजे ९. दोन्ही मिळून १२ टक्के.

यातील १५ टक्के हाच आकडा सर्वाधिक वादाचा असतो. कर्जावरचे व्याज बँकेच्या पत्रावर लिहिलेले असते, भागधारकांची अपेक्षा कुठेच लिहिलेली नसते. नफा-तोटा पत्रकातही ती खर्च म्हणून येत नाही. म्हणूनच कंपनीच्या गंगाजळीतून केलेली गुंतवणूक फुकटची वाटते. पण तोच पैसा लाभांश म्हणून वाटला असता किंवा तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात लावला असता, तर काही मिळाले असते. ते न मिळणे हा खरा खर्च आहे, फक्त त्याची पावती नसते.

या दराने पहिल्या वर्षाअखेरीच्या २ कोटी ६० लाखांची आजची किंमत सुमारे २ कोटी ३२ लाख होते. चौथ्या वर्षीच्या तेवढ्याच रकमेची १ कोटी ६५ लाख. पाचव्या वर्षीच्या ४ कोटी ६० लाखांची २ कोटी ६१ लाख. पाचही वर्षांची बेरीज सुमारे १० कोटी ५१ लाख येते. आज द्यायचे आहेत १२ कोटी. म्हणून निव्वळ वर्तमान मूल्य उणे १ कोटी ४९ लाख आहे. प्रकल्पाचा स्वतःचा अंतर्गत परतावा दर काढला, तर तो सव्वासात टक्क्यांच्या आसपास भरतो. कर्जाचा करानंतरचा साडेसात टक्के खर्चही त्यातून पुरता निघत नाही. भागधारकांच्या अपेक्षेची गोष्ट मग दूरच राहते.

पत्रकात न दिसणारे २ कोटी

तूट नेमकी कुठे पडते, हे सांगितल्याशिवाय टिपण पूर्ण होत नाही. यात खेळत्या भांडवलाचा वाटा मोठा आहे. २ कोटी आज दिले आणि पाच वर्षांनी २ कोटीच परत आले. नफा-तोटा पत्रकात या व्यवहाराचा मागमूसही नसतो, कारण तो खर्च नव्हे आणि उत्पन्नही नव्हे. तो फक्त ताळेबंदात साठा आणि येणे या नावांखाली बसतो. पण पाच वर्षांनी मिळणाऱ्या २ कोटींची आजची किंमत केवळ १ कोटी १३ लाख आहे. उरलेले ८७ लाख रुपये ही माल साठवून ठेवण्याची आणि उधारी देण्याची खरी किंमत. एकूण तुटीतील निम्म्याहून अधिक भाग अशा गोष्टीतून येतो, जी नफ्याच्या आकड्याला स्पर्शही करत नाही.

दोन्ही हिशेब एकाच तक्त्यात

व्यवस्थापकाचा विश्वास नफ्याच्या आकड्यांवर असेल, तर त्याच आकड्यांवरून त्याला निष्कर्षापर्यंत नेणे शक्य आहे. त्यासाठी प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला प्रकल्पात शिल्लक असलेल्या पुस्तकी भांडवलावर १२ टक्के आकार लावायचा आणि तो नफ्यातून वजा करायचा. पहिल्या वर्षी हे भांडवल १२ कोटी असते आणि पुढे घसाऱ्यामुळे दरवर्षी २ कोटींनी कमी होते. तक्त्यातील रकमा लाखांत आहेत.

| वर्ष | सुरुवातीचे भांडवल | निव्वळ नफा | भांडवलाचा आकार | उरलेली रक्कम | तिची आजची किंमत |
|---|---|---|---|---|---|
| १ | १२०० | ६० | १४४ | −८४ | −७५.० |
| २ | १००० | ६० | १२० | −६० | −४७.८ |
| ३ | ८०० | ६० | ९६ | −३६ | −२५.६ |
| ४ | ६०० | ६० | ७२ | −१२ | −७.६ |
| ५ | ४०० | ६० | ४८ | +१२ | +६.८ |

शेवटच्या स्तंभाची बेरीज उणे १४९ लाख येते. म्हणजे रोकडीच्या मार्गाने आलेले तेच उत्तर नफ्याच्या मार्गानेही आले. भांडवलाचा आकार वजा केल्यावर उरणाऱ्या या रकमेला अवशिष्ट उत्पन्न म्हणतात. तिची वर्तमान किंमत आणि निव्वळ वर्तमान मूल्य एकच असतात, हे गॅब्रिएल प्राइनराइख यांनी १९३०च्या दशकात आणि वोल्फगांग ल्यूके यांनी १९५५मध्ये दाखवून दिले. मुळातली कल्पना त्याहून जुनी आहे. भांडवलावरचे व्याज वजा केल्यावरच उद्योजकाची खरी कमाई कळते, हा विचार आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९०च्या ग्रंथात आहे. पुढे हीच रक्कम ‘आर्थिक मूल्यवृद्धी’ या नावाने कंपन्यांच्या व्यवहारात रुळली. भारतात इन्फोसिस आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांनीही आपल्या वार्षिक अहवालांत ती दिलेली आहे.

या जुळणीचा आणखी एक उपयोग आहे. घसाऱ्याची पद्धत बदलून नफा सुधारता येईल, असे कोणी सुचवले, तर त्याचे उत्तर यात मिळते. घसारा हळू लावला, की सुरुवातीचा नफा वाढतो, पण पुस्तकी भांडवलही जास्त काळ मोठे राहते आणि त्यावरचा आकार वाढतो. वर्तमान किमतीत दोन्ही परस्परांना छेदतात. घसाऱ्याचा खरा परिणाम होतो तो फक्त कराच्या वेळेवर. आपल्याकडे आयकरासाठीचा घसारा कंपनीच्या पुस्तकांतील घसाऱ्यापेक्षा वेगळ्या नियमांनी चालतो. साधारण यंत्रसामग्रीवर तो घटत्या शिलकीवर १५ टक्के असतो. उदाहरणात दोन्ही सारखे धरले आहेत. खऱ्या टिपणात कर आयकराच्या घसाऱ्यावरून काढावा लागेल आणि त्यामुळे या प्रकल्पाची तूट वाढेल, कारण कराची बचत आणखी उशिरा हाती येईल.

सुधारत जाणारा भासणारा परतावा

तक्त्यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभातून एक सापळाही दिसतो. नफ्याला त्या वर्षीच्या भांडवलाने भागले, तर पहिल्या वर्षी परतावा ५ टक्के येतो, मग ६, साडेसात, १० आणि पाचव्या वर्षी १५ टक्के. वार्षिक आढाव्यात हा क्रम पाहणाऱ्याला वाटेल, की प्रकल्प स्थिरावतो आहे आणि आता भांडवलाच्या खर्चापेक्षाही जास्त देतो आहे. प्रत्यक्षात विक्री वाढलेली नाही आणि नफाही वाढलेला नाही. यंत्र जुने होऊन त्याची पुस्तकी किंमत घटली, एवढेच घडले आहे. पाच वर्षांचा सरासरी परतावाही साडेसात टक्केच आहे. एखाद्या प्रकल्पाचा परतावा वर चढत असेल आणि नफा मात्र जागच्या जागी असेल, तर सुधारणा भाजकामुळे आहे, हे ओळखावे.

काय धरायचे, काय सोडायचे

टिपणावर येणाऱ्या शंका बहुधा ठरलेल्या असतात. प्रस्तावासाठी बाजारपाहणी करून घेतली असेल, तर तो खर्च या हिशेबात येत नाही, कारण प्रकल्प घेतला किंवा सोडला तरी तो पैसा परत येणार नाही. ‘इतका खर्च झालाच आहे’ हे कारण पुढे जाण्याच्या बाजूने देता येत नाही.

याउलट, कंपनीची स्वतःची शेड वापरायची म्हणून जागा फुकट धरली असेल, तर ते चुकीचे आहे. ती शेड भाड्याने देऊन वर्षाला २० लाख मिळणार असतील, तर करानंतरचे १५ लाख प्रकल्पावर टाकावे लागतात. पाच वर्षांच्या या भाड्याची आजची किंमत सुमारे ५४ लाख आहे. ती धरली, तर तूट २ कोटी ३ लाखांवर जाते. पुस्तकांत मात्र या भाड्याची नोंद कधीच होणार नाही.

तिसरी शंका व्याजाची असते. कर्जाचे व्याज रोकडीतून का वजा केले नाही? कारण ते १२ टक्क्यांत आधीच आलेले आहे. व्याज रोकडीतूनही वजा केले आणि वटाव दरातही ठेवले, तर एकच खर्च दोनदा धरला जातो आणि चांगला प्रकल्पही नापास होतो.

चौथी गोष्ट महागाईची, आणि इथे चूक विश्लेषकाचीही असू शकते. १२ टक्क्यांत कर्ज देणाऱ्यांनी आणि भागधारकांनी धरलेली महागाई सामावलेली असते. म्हणून विक्री आणि खर्चाचे आकडेही त्या त्या वर्षीच्या भावांनी हवेत. आजचे भाव पाचही वर्षांना तसेच लावून त्यांवर महागाईसह दर वापरला, तर निव्वळ वर्तमान मूल्य खोटे उणे येऊ शकते. उदाहरणातले आकडे त्या त्या वर्षीच्या भावांचे मानले आहेत. मालाचा भाव आणि विक्रीचा भाव असे बदलतील, की वर्षाची शिल्लक स्थिर राहील, असे त्यात गृहीत आहे. खऱ्या टिपणात हे गृहीतक स्पष्ट लिहावे लागते.

आकडेमोडीतही एक नेहमीची चूक होते. एक्सेलमधील एनपीव्ही सूत्र पहिली रक्कम एक वर्षाने मिळते असे मानते. म्हणून आजची गुंतवणूक सूत्राच्या बाहेर ठेवावी लागते. B1 मध्ये उणे १२ कोटी आणि B2 ते B6 मध्ये पाच वर्षांची रोकड असेल, तर सूत्र असे लिहितात:

```
=NPV(12%,B2:B6)+B1
```

B1 कंसात गेला, तर उत्तर उणे १ कोटी ३३ लाख येते. चिन्ह बदलत नाही, पण रक्कम चुकते.

निर्णय कशाने फिरेल

‘प्रकल्प नाकारावा’ एवढ्यावर थांबणारे टिपण व्यवस्थापकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. कोणता अंदाज किती बदलला तर निर्णय बदलेल, हे त्याला हवे असते. १ कोटी ४९ लाखांची तूट पाच वर्षांत भरून काढायची, तर करानंतर वर्षाला सुमारे ४१ लाख, म्हणजे करापूर्वी ५५ लाख जास्त मिळायला हवेत. १२ कोटींच्या विक्रीवर हे साडेचार टक्क्यांहून थोडे अधिक आहे. तेवढा भाव बाजार देईल का, हा प्रश्न विक्री विभागाला विचारता येतो. उधारीची मुदत कमी करून आणि माल टप्प्याटप्प्याने घेऊन खेळते भांडवल २ कोटींऐवजी १ कोटीवर आणता आले, तर ४३ लाखांचा फरक पडतो. एकट्याने तो पुरत नाही.

सर्वांत नाजूक अंदाज यंत्रणेच्या आयुष्याचा आहे. ती पाचऐवजी सहा वर्षे चालली, तर पाच वर्षांनंतर घसारा संपल्याने कर वाढतो आणि वर्षाची रोकड २ कोटी १० लाख राहते. तूट तरीही ५५ लाखांवर येते. सात वर्षे चालली, तर निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे २९ लाखांनी अधिक होते आणि प्रकल्प घेण्याजोगा ठरतो. पण यात मोठ्या दुरुस्तीचा खर्च धरलेला नाही. म्हणून पाच वर्षांचा अंदाज यंत्र पुरवणाऱ्याच्या हमीवरून आला, लेखा विभागाच्या घसाऱ्याच्या मुदतीवरून आला, की अशी यंत्रे चालवणाऱ्यांच्या अनुभवावरून, हे तपासावे लागते. घसाऱ्याची मुदत म्हणजे यंत्राचे खरे आयुष्य नव्हे. दोन्ही एकच समजल्याने अनेक प्रस्ताव चुकीच्या बाजूला झुकतात.

असे टिपण दोन पानांत मावते. सर्वांत वर शिफारस असते: सध्याच्या अंदाजांवर प्रकल्प मंजूर करू नये, कारण १२ टक्के भांडवल खर्चावर त्याचे निव्वळ वर्तमान मूल्य उणे १ कोटी ४९ लाख आहे. त्याखाली नफ्याचे ३ कोटी आणि रोकडीचे ३ कोटी जुळतात हे दाखवणारी ओळ, मग वरचा तक्ता आणि गृहीतकांची यादी. शेवटी फेरविचाराच्या अटी येतात: यंत्रणा मोठ्या दुरुस्तीशिवाय सात वर्षे चालते याचा पुरावा, किंवा साडेचार टक्क्यांहून जास्त भाव देणारा लेखी करार, किंवा खेळते भांडवल निम्मे करून उरलेली सुमारे १ कोटी ६ लाखांची तूट भरून काढणारी भाववाढ. यांपैकी एकही अट पूर्ण होत नसेल, तर दरवर्षीचे ६० लाख नफा म्हणून छापले जातील, पण त्यांसाठी अडकलेल्या भांडवलाची किंमत त्याहून जास्त पडलेली असेल.